‘रिव्हर्ट बॅक’ची दुरुस्ती नेमकी कुठे चुकते

आज आम्ही एका कागदावर बोलणार आहोत. कागद साधाच आहे, एका पानाचा. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने तो आणून दिला. त्याच्या कारखान्यात इंग्रजी पत्रव्यवहाराचं प्रशिक्षण झालं, त्यात तो सगळ्यांना वाटला होता. डावीकडे ‘चूक’, उजवीकडे ‘बरोबर’. डावीकडे रिव्हर्ट बॅक, उजवीकडे रिव्हर्ट. डावीकडे प्रीपोन, उजवीकडे मूव्ह फॉरवर्ड. डावीकडे अपडेशन, उजवीकडे अपडेटिंग. असे तक्ते तुम्हीही पाहिले असतील, तुमच्यापैकी काहींच्या टेबलाच्या काचेखाली आजही असतील.

आमचं म्हणणं असं, की या तक्त्याचा हेतू चांगला आहे, पण त्यातल्या पहिल्या तीन दुरुस्त्यांपैकी दोन घातक आहेत आणि तिसरी निरुपयोगी आहे. तक्ता करणाऱ्याने एक प्रश्न विचारलाच नाही. परदेशी वाचक हा शब्द वाचून अडतो, की न अडता भलतंच समजतो? या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. अडलेला माणूस विचारतो. भलतं समजलेला विचारत नाही, तो कामाला लागतो.

आता या विद्यार्थ्याची हकीकत सांगतो, म्हणजे मुद्दा हवेत राहणार नाही. तो कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत निर्यातीचं काम बघतो. पंपाच्या बाहेरच्या कवचाचं कास्टिंग एका जर्मन ग्राहकाला जातं. मूळ ड्रॉइंग होतं रिव्हिजन बी, त्यात एक भिंत सहा मिलिमीटर जाडीची. ओतताना तिथे धातू नीट भरत नाही, म्हणून फाउंड्रीनेच सुचवलं, की ती आठ करू या. ग्राहकाने आपल्या ड्रॉइंगमध्ये तसा बदल केला आणि त्याला रिव्हिजन सी असं नाव दिलं. अंतिम होकार बाकी होता. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याने मेल लिहिला. त्यातली चार वाक्यं अशी: ‘ड्रॉइंग अपडेशन अ‍ॅज पर रिव्हिजन सी इज अंडर प्रोसेस. काइंडली रिव्हर्ट बॅक अ‍ॅट द अर्लिएस्ट. इन्स्पेक्शन इज प्रीपोन्ड बाय थ्री डेज. काइंडली डू द नीडफुल.’

तुम्हा-आम्हाला यात काहीही खटकत नाही. ड्रॉइंग बदलतोय, लवकर उत्तर द्या, तपासणी तीन दिवस आधी घेतली आहे, पुढची व्यवस्था करा. झालं.

तिकडून दोन उत्तरं आली. पहिल्यात विचारलं होतं, की प्रीपोन्ड म्हणजे आधी का? हो, आधी, असं आमच्या विद्यार्थ्याने कळवलं. एक मेल जास्तीचा गेला, बाकी काही बिघडलं नाही. दुसरं उत्तर एका शब्दाचं होतं: ‘अ‍ॅग्रीड.’ फाउंड्रीत सगळे खूश. सी मंजूर झालं. पॅटर्न बदलला, चाळीस नग ओतले. आणि तपासणीला आलेल्या माणसाच्या हातात ड्रॉइंग होतं रिव्हिजन बी.

काय झालं होतं? त्या जर्मन गृहस्थांची मातृभाषा इंग्रजी नाही. रिव्हर्ट हा शब्द ते रोज बघतात, पण कुठे? ड्रॉइंगच्या संगणक-प्रणालीत. तिथे रिव्हर्ट म्हणजे आधीच्या आवृत्तीवर परत जाणं. सॉफ्टवेअरवाल्यांकडेही हाच अर्थ आहे. केलेला बदल उलटवायचा असेल तर ते `git revert` ही आज्ञा देतात. म्हणून त्यांनी वाक्य असं वाचलं: सीचं काम चालू आहे, पण कृपया लवकरात लवकर मागच्यावर या. सीची कल्पना मुळात फाउंड्रीचीच. तेच मागे घेत असतील तर ग्राहकाचं काय जातं? उलट वजन कमी राहील. म्हणून ‘अ‍ॅग्रीड.’ कुणीही मूर्खपणा केला नाही, हे लक्षात घ्या. दोन्ही बाजूंचं वाचन आपापल्या जागी सुसंगत होतं, आणि म्हणूनच चाळीस नग ओतून होईपर्यंत कुणाला शंका आली नाही.

आता तक्त्याकडे वळा. तो काय सुचवतो? रिव्हर्ट बॅक लिहू नका, कारण रिव्हर्टमध्येच ‘परत’ आहे, बॅक ही द्विरुक्ती झाली. खरं आहे. पण ‘बॅक’ काढून काय साधलं? ‘काइंडली रिव्हर्ट अ‍ॅट द अर्लिएस्ट’ असं लिहिलं असतं तरी तेच चाळीस नग ओतले गेले असते. ‘परत परत’ म्हणणं हा शैलीचा दोष आहे आणि तो बिनविषारी आहे. दुखणं आहे रिव्हर्ट या शब्दाच्या अर्थात, आणि तक्त्याने नेमका तोच शब्द ‘बरोबर’च्या रकान्यात बसवला. पायाला काटा लागलेल्या माणसाची चप्पल पुसून द्यावी, तसं हे झालं.

इथे आमच्या जुन्या धंद्यातलं थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे नैयायिकांनी आणि मीमांसकांनी शब्दांची एक विभागणी केली आहे. काही शब्द यौगिक असतात, म्हणजे त्यांचा अर्थ घटकांवरून लागतो. ‘पाचक’ म्हणजे जो शिजवतो तो. धातू ओळखा, प्रत्यय ओळखा, अर्थ हाती येतो. काही शब्द रूढ असतात. त्यांचे तुकडे करून काही मिळत नाही, समाजात तो अर्थ चालतो म्हणून चालतो. आणि काही योगरूढ असतात, जसा ‘पंकज’. चिखलात पुष्कळ काही जन्मतं, पण पंकज म्हणजे कमळच.

ही विभागणी आपल्या तीन शब्दांना लावून बघा. प्रीपोन हा अगदी सरळ यौगिक आहे. लॅटिनमध्ये ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, म्हणून पोस्टपोन. ‘प्री’ म्हणजे आधी, म्हणून प्रीपोन. ज्याला पोस्टपोन येतो त्याला प्रीपोन अंदाजाने कळतो. अपडेशनही यौगिकच आहे, घडण जरा वाकडी असली तरी. पण रिव्हर्टचा ‘उत्तर देणे’ हा अर्थ केवळ रूढ आहे, आणि ती रूढी आहे भारतात, सिंगापुरात, मलेशियात. घटकांतून मिळतं ते ‘मागे वळणे’, आणि प्रमाण इंग्रजीत तोच अर्थ चालू आहे. आपल्या पूर्वसूरींनी रूढीला योगापेक्षा बलवान मानलं आहे, आणि ते बरोबरच आहे. म्हणूनच आपल्या कानाला रिव्हर्टमधलं ‘मागे वळणं’ ऐकूच येत नाही. रूढीचं बळ घराच्या उंबऱ्यापर्यंत असतं. उंबरा ओलांडला की वाचक योगाकडे जातो.

आणि गंमत अशी, की आपल्याच देशात, आपल्याच कचेऱ्यांत रिव्हर्टचा जुना अर्थ जिवंत आहे. सरकारी नोकरीत वरच्या पदावर तात्पुरता काम करणारा माणूस मूळ पदावर परत पाठवला, तर तो ‘रिव्हर्ट’ झाला म्हणतात. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेलं परशोत्तम लाल धिंग्रा यांचं प्रकरण याच गोष्टीचं. रेल्वेत ते वरच्या पदावर तात्पुरते होते, त्यांना रिव्हर्ट केलं, आणि ही शिक्षा म्हणायची का, हा वाद होता. म्हणजे एकाच कारकुनाला सकाळी ‘रिव्हर्ट करा’ म्हणून मेल येतो आणि संध्याकाळी रिव्हर्ट झाल्याचा आदेश येऊ शकतो. तो गोंधळत नाही, कारण संदर्भ त्याच्या घरचा आहे.

तर रिव्हर्टच्या जागी काय? ‘रिप्लाय’ आहे. साधा आहे, म्हणून आपल्याला तो कमी प्रतिष्ठेचा वाटतो, एवढंच. पण आमची सूचना त्यापुढची आहे. रिप्लाय मागू नका, हवी ती गोष्ट मागा. ‘प्लीज रिप्लाय’ला उत्तर म्हणूनही ‘अ‍ॅग्रीड’ येऊ शकतं. ‘प्लीज कन्फर्म दॅट वुई मे मेक द पॅटर्न टू रिव्हिजन सी’ असं लिहिलं, तर ‘मेक’ आणि ‘सी’ या दोन शब्दांपुढे गैरसमजाला जागाच उरत नाही. वाचून झाल्यावर समोरच्याने काय करायचं, ते क्रियापद वाक्यात असायला हवं. पाठवा, तपासा, सही करा, मंजूर करा. रिव्हर्ट हे या सगळ्यांच्या जागी बसवलेलं एक गोलमाल क्रियापद आहे. लिहिणाऱ्याला ते सोयीचं पडतं, कारण आपल्याला नेमकं काय हवंय हे ठरवायचे कष्ट वाचतात.

तुमच्या पाठवलेल्या मेलमध्ये रिव्हर्ट शोधा, आणि प्रत्येक ठिकाणी ‘पूर्वस्थितीवर परत जा’ हा अर्थ घालून वाक्य वाचा. जिथे वाक्य निरर्थक होतं तिथे धोका कमी, वाचक अडेल आणि विचारेल. जिथे वाक्य छान जमतं तिथे घाम फुटला पाहिजे. ‘प्लीज रिव्हर्ट ऑन द प्राइस.’ झालं, जुन्या दरावर या! ही परीक्षा आम्ही त्या विद्यार्थ्याला करायला सांगितली. रात्री त्याचा फोन आला, “सर, आणखी दोन सापडले, पण ते ग्राहक सिंगापूरचे आहेत.” म्हटलं, मग तू नशीबवान आहेस.

आता प्रीपोन. या शब्दावर लोकांचा उगाच राग आहे. भारतीयांनी बनवलेला गावठी शब्द, असं म्हणतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तो आहे, आणि न्यूयॉर्क टाइम्सला १९१३ साली आलेल्या एका पत्रात तो याच अर्थाने वापरलेला आहे. तेव्हा त्याच्या जन्माची चौकशी नको. आमच्या हकीकतीत तो कसा वागला ते पाहा. वाचक अडला, त्याने विचारलं, एका मेलमध्ये प्रश्न मिटला. आंतरराष्ट्रीय पत्रात तो टाळावा, कारण कुणाला मुद्दाम अडवायचं कशाला? पण त्याची जागा कोण घेणार?

तक्ता म्हणतो, मूव्ह फॉरवर्ड. आणि इथे तो बऱ्या माणसाला आजारी करतो. एक प्रयोग प्रसिद्ध आहे. ‘पुढच्या बुधवारची बैठक दोन दिवस मूव्ह्ड फॉरवर्ड झाली आहे, तर ती कोणत्या वारी?’ असा प्रश्न इंग्रजी भाषकांना विचारतात. मॅकग्लोन आणि हार्डिंग यांनी १९९८ मध्ये या संदिग्धतेवर लिहिलं, पुढे लेरा बोरोडित्स्की यांनी त्यावर बरंच काम केलं. साधारण निम्मे लोक सोमवार म्हणतात, निम्मे शुक्रवार. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ते लोक, बरं का! काळ माझ्याकडे चालत येतोय असं धरलं, तर बैठक पुढे आली म्हणजे माझ्या जवळ आली, म्हणून सोमवार. मी काळातून चालतोय असं धरलं, तर पुढे म्हणजे माझ्या चालण्याच्या दिशेने, म्हणून शुक्रवार. विमानतळावर हाच प्रश्न विचारला, तेव्हा नुकतेच प्रवास करून उतरलेले लोक शुक्रवारकडे अधिक झुकले.

आणि मराठी माणसाचं काय होतं? आमच्या मते तो मुद्दा त्या तक्त्यात सर्वांत वर हवा होता. मराठीत बैठक ‘पुढे ढकलली’ म्हणजे लांबली. पुढचा आठवडा, पुढचा महिना, सगळं भविष्यात. आधी घेतली तर आपण ‘अलीकडे आणली’ म्हणतो. म्हणजे फॉरवर्डचं ‘पुढे’ असं भाषांतर करणाऱ्या मराठी डोक्यात मूव्ह्ड फॉरवर्डचा अर्थ बहुधा पोस्टपोन असाच उमटणार. प्रीपोनच्या जागी तो शब्द त्याला देणं म्हणजे हातातला सरळ चाकू काढून घेऊन दुधारी देणं. ब्रिटिश वापरातलं ‘ब्रिंग फॉरवर्ड’ त्यातल्या त्यात ठीक आहे, त्याचा रोख ‘आधी’ असाच असतो. तरी वाचक जर्मन, जपानी, ब्राझिलियन असेल तर त्याच्या मनात पुढे कुठे आणि मागे कुठे, हे आपल्याला काय ठाऊक? (आपलं तरी काय, ‘परवा’ म्हणजे होऊन गेलेला की येणारा, ते क्रियापद येईपर्यंत कळत नाही.)

म्हणून आमचा सल्ला असा, की इथे शब्दाच्या जागी शब्द शोधूच नका. दोन तारखा लिहा. ‘द इन्स्पेक्शन हॅज मूव्ह्ड फ्रॉम थर्सडे, २७ जून, टू मंडे, २४ जून.’ पुढे-मागे काही नाही. वार लिहावा, कारण तारीख चुकली तर वार जुळत नाही आणि चूक उघडी पडते. महिना अक्षरांत लिहावा. ०३/०४ म्हणजे आपल्याला तीन एप्रिल, अमेरिकी माणसाला चार मार्च. आणि जुनी तारीख लिहायला विसरू नये. नवी तारीख एकटीच लिहिली तर वाचकाला हा बदल आहे की पहिल्यांदाच कळवताय, ते समजत नाही, आणि त्याच्या वहीत दोन तपासण्या नोंदल्या जातात.

अपडेशनला आम्ही फार वेळ देणार नाही. क्रिएटचं क्रिएशन, डोनेटचं डोनेशन, मग अपडेटचं अपडेशन, अशी ही तुलना चालली. अपडेटच्या शेपटीला जे ‘डेट’ आहे ते मात्र चक्क तारीख आहे, लॅटिन क्रियापदाचा प्रत्यय नव्हे, म्हणून प्रमाण इंग्रजीने ते नाम घेतलं नाही. तिथे अपडेट हेच क्रियापद आणि अपडेट हेच नाम. पण समजायला कुणाला अडचण येत नाही. वाचणारा फार तर मनात हसतो.

खरी अडचण व्याकरणाच्या पलीकडची आहे, आणि ती अपडेटिंग लिहून जात नाही. ‘अपडेशन इज अंडर प्रोसेस’ या वाक्यात कर्ता शोधा. कोण करतंय? केव्हा होईल? झालंय तरी किती? आपल्या सरकारी मराठीचं ‘अद्ययावतीकरणाची कार्यवाही सुरू आहे’ हे याचंच सख्खं भावंडं. क्रियेचं नाम केलं, की करणारा माणूस वाक्यातून निसटतो. जर्मन गृहस्थांना ‘सीचं काम अर्धवट आहे, पुढे नको’ असं वाचता आलं, त्यात या वाक्याचाही वाटा आहे. ‘वुई हॅव अपडेटेड अवर पॅटर्न ड्रॉइंग टू रिव्हिजन सी’ किंवा ‘वुई विल फिनिश इट बाय १२ जून’ असं असतं, तर पुढचं रिव्हर्ट त्यांना विसंगत वाटलं असतं आणि त्यांनी विचारलं असतं. तक्ता शब्द-शब्द सुटा करून तपासतो, म्हणून ही एका वाक्याची दुसऱ्याला होणारी मदत त्याच्या नजरेत येत नाही.

तोच प्रकार ‘डू द नीडफुल’चा. हा आपला शोध नाही. विलायतेत हा वाक्प्रयोग एके काळी सर्रास चालत होता. तिथे तो मागे पडला, आपल्याकडे राहिला. जुना झाला म्हणून आम्ही त्याच्यावर फुली मारत नाही. ‘नीडफुल’ म्हणजे काय ते दोघांना आधीच माहीत असेल तरच त्याला अर्थ असतो, आणि तसं असेल तर वाक्याची गरज नसते.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. हे सगळं उंबऱ्यापलीकडच्या वाचकासाठी. पुण्याहून चेन्नईला जाणाऱ्या मेलमध्ये ‘मीटिंग प्रीपोन झाली, प्लीज रिव्हर्ट’ लिहिलंत तर कुणाचं काही बिघडत नाही, आणि तिथे दुसऱ्याची चूक काढत बसणारा माणूस आम्हाला तरी कंटाळवाणा वाटतो. उलट, आंतरराष्ट्रीय म्हणजे लंडनचं इंग्रजी असंही नाही. ‘टेबल’ हे क्रियापद घ्या. ब्रिटिश माणसाने प्रस्ताव टेबल केला म्हणजे चर्चेला घेतला, अमेरिकी माणसाने केला म्हणजे बाजूला ठेवला. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचा बराच वेळ वाद झाल्याचं चर्चिल यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. वाद कशाचा, तर दोघांनाही तो विषय ताबडतोब चर्चेला घ्यायचा होता!

आमच्या विद्यार्थ्याने मग तो मेल पुन्हा लिहून दाखवला. खडूने फळ्यावर लिहितो, म्हणजे मागे दिसेल. ‘वुई हॅव अपडेटेड अवर पॅटर्न ड्रॉइंग टू रिव्हिजन सी, वॉल थिकनेस ८ मिलिमीटर. प्लीज कन्फर्म बाय फ्रायडे, १४ जून, दॅट वुई मे मेक द पॅटर्न टू रिव्हिजन सी. द इन्स्पेक्शन हॅज मूव्ह्ड फ्रॉम थर्सडे, २७ जून, टू मंडे, २४ जून. प्लीज सेंड अस द इन्स्पेक्टर्स नेम.’ शेवटचं वाक्य पाहा. डू द नीडफुल म्हणजे त्याच्या मनात काय होतं विचारलं, तर हे निघालं. तपासणाऱ्याचं नाव हवं होतं, गेटपाससाठी. पहिल्या मेलमध्ये ते कुणाला कळणार होतं?

त्याला आम्ही आणखी एक सवय लावायला सांगितली. उत्तर आलं की त्यात आपल्या मेलमधली महत्त्वाची गोष्ट परत दिसते का, ते बघायचं. ‘अ‍ॅग्रीड’, ‘ओके’, ‘नोटेड’ एवढंच असेल, तर होकार कशाला आहे ते कळलेलं नाही असंच धरायचं, आणि एका ओळीत विचारायचं: ‘सो वुई प्रोसीड विथ सी, नॉट बी. करेक्ट?’ उद्धट वाटेल, असं तो म्हणाला. आम्ही म्हटलं, ते चाळीस नग वितळवून पुन्हा ओतताना काय वाटलं होतं?

बरं, फळ्यावरचं उतरवून घेतलं असेल तर प्रश्न घेऊ. खिडकीजवळच्या बाई मघापासून हात वर करून बसल्या आहेत. त्या बँकेत होत्या, त्यामुळे ‘रिव्हर्शन’वरच काहीतरी विचारणार, असा आमचा अंदाज आहे. विचारा.